विद्युत कामाचा उपकरार: मुख्य करारातील जबाबदाऱ्या व देयकांची कलमे

१. ३०० खाटांच्या रुग्णालय इमारतीच्या बांधकामाबाबत मालक व मुख्य कंत्राटदार यांच्यात झालेला मुख्य करार, त्यातील दर व नफ्याचे तपशील वगळून, जोडपत्र ‘अ’ म्हणून सोबत जोडला आहे. उपकंत्राटदाराने तो वाचला असून, विद्युत कामाशी संबंधित सर्व जबाबदाऱ्या तो मुख्य कंत्राटदाराप्रती त्याच प्रमाणात स्वीकारत आहे. जी अट विद्युत कामाला लागूच होत नाही, ती केवळ जोडपत्रात आहे म्हणून उपकंत्राटदारावर येणार नाही. दोन्ही करारांत विसंगती आढळल्यास दर, देयके व दायित्वाची मर्यादा यांबाबत हा उपकरार, आणि कामाचा दर्जा व तपासणी यांबाबत मुख्य करार ग्राह्य धरला जाईल.

२. मुख्य करारानुसार मुदतवाढीची किंवा जादा खर्चाची सूचना मालकाला २८ दिवसांत द्यावी लागते. ती वेळेत पुढे पाठवता यावी म्हणून उपकंत्राटदाराने कारण कळल्यापासून १४ दिवसांत मुख्य कंत्राटदाराला लेखी कळवावे. मुख्य कंत्राटदाराने ती मालकाकडे मांडलीच नाही, तर मालकाने नाकारल्याची सबब त्याला सांगता येणार नाही.

३. विलंबाची भरपाई उपकंत्राटदाराकडून त्याच्यामुळे झालेल्या विलंबापुरतीच वसूल होईल आणि ती उपकराराच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही. संपूर्ण इमारतीच्या विलंबाचा भार एका विद्युत कामावर टाकणे हा या कलमाचा हेतू नाही.

४. उपकंत्राटदाराच्या मंजूर कामाची रक्कम मालकाकडून मिळाल्यापासून ७ दिवसांत मुख्य कंत्राटदार ती त्याला देईल. ही अट रक्कम कधी द्यायची एवढेच ठरवते. ती द्यायची की नाही, हे ठरवत नाही. त्यामुळे मालकाने रक्कम दिली नाही, किंवा तो दिवाळखोर ठरला, तरीही देयक सादर झाल्यापासून ७५ दिवस पूर्ण होताच ती रक्कम मुख्य कंत्राटदाराकडून देय होईल. मालकाने रक्कम रोखण्याचे कारण मुख्य कंत्राटदाराची किंवा अन्य उपकंत्राटदाराची चूक असेल, तर ७५ दिवसांऐवजी ३० दिवसांची मुदत लागू होईल. मात्र विद्युत कामातील दोषामुळे रोखलेली रक्कम, त्या दोषापुरती, दुरुस्ती होईपर्यंत देय होणार नाही. मालकाकडे देयक केव्हा सादर केले, किती मंजूर झाले व केव्हा मिळाले, याची माहिती मुख्य कंत्राटदाराने प्रत्येक वेळी ५ दिवसांत द्यावी, कारण तिच्याविना या कलमातील मुदती मोजताच येत नाहीत.

५. देय रक्कम थकल्यास तिच्यावर दरमहा १ टक्का व्याज आकारले जाईल आणि १४ दिवसांची लेखी सूचना देऊन उपकंत्राटदाराला काम थांबवता येईल. त्या काळाइतकी मुदतवाढ त्याला मिळेल. लागू कायद्याने कलम ४ मधील मालकाच्या रकमेवर अवलंबून असलेली अट अवैध ठरत असल्यास, देयक सादर झाल्यापासून ३० दिवसांत रक्कम द्यावी लागेल.

६. मुख्य करार संपुष्टात आल्यास हा उपकरारही संपेल, परंतु तोवर झालेल्या कामाचे व जागेवर आणलेल्या साहित्याचे मोल कलम ४ नुसार देय राहील.