नुसतं पाणी की साबण? हात धुण्याचा पाठ (पहिली-दुसरी)

वेळ: ३५ मिनिटे, आणि नंतर आठवडाभर रोज २ मिनिटे.
साहित्य: खाद्यतेल, रंगीत खडूची पूड, साबण, बादली, मग, प्रत्येकाचा स्वतःचा स्वच्छ रुमाल.

प्रात्यक्षिक

दोन मुलांना पुढे बोलवा. दोघांच्या तळहातांवर थेंबभर तेल चोळून वर खडूची पूड भुरभुरवा. "हे जंतू आहेत असं समजूया. खरे जंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसतच नाहीत."

पहिला फक्त पाण्याने हात धुतो. वर्गाला हात दाखवू द्या. रंग बराचसा तसाच असतो. दुसरी साबण लावून चोळते. आता विचारा, "असं का झालं?" मुलांना बोलू द्या, घाई नको. मग सांगा: "तेलाला पाणी धरत नाही. साबण तेलालाही धरतो आणि पाण्यालाही, म्हणून घाण पाण्याबरोबर निघून जाते."

दुसरीचे अंगठे आणि नखांच्या कडा जवळून पाहायला लावा. रंग हमखास तिथेच उरतो. पाठाचा खरा भाग हाच, इथे वेळ द्या.

(मिरपूड साबणापासून पळते तो प्रयोग मी टाळते. मुलांना वाटतं जंतू साबणाला घाबरून पळतात, आणि मग चोळायचं राहून जातं.)

नळाजवळ लावायची यादी

- हात ओले केले, नळ बंद केला
- साबण लावला
- तळहात चोळले
- हातांची पाठ चोळली
- बोटांच्या बेचक्या
- दोन्ही अंगठे
- नखं तळहातावर घासली
- धुऊन कोरडे केले

चोळणं निदान २० सेकंद. २० पर्यंत मोजायला सांगितलं तर मुलं धडाधड मोजून मोकळी होतात, म्हणून तुम्ही सावकाश टाळ्या द्या आणि त्यावर मोजायला लावा.

आठवड्याचा तक्ता

रोज सकाळी प्रत्येकाने कालचं आठवून खूण करायची: ● धुतले, ○ विसरलो. फळ्यावर हा नमुना काढा.

| वार | जेवणाआधी | शौचानंतर | खेळून आल्यावर |
|---|---|---|---|
| सोम | ● | ● | ○ |
| मंगळ | ● | ○ | ○ |
| बुध | ● | ● | ○ |
| गुरु | ● | ● | ● |
| शुक्र | ● | ● | ○ |
| शनि | ● | ● | ● |
| रवि | ○ | ● | ● |

"हा कुठे जास्त वेळा विसरतो?" मुलं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवतील. "मग काय करता येईल?" उपाय त्यांच्याकडूनच येऊ द्या; दारापाशी साबण ठेवू, एकमेकांना आठवण करू, असं काहीतरी सुचेलच.

पूर्ण ● असलेल्याला बक्षीस ठेवू नका. बक्षीस लागलं की सगळेच तक्ते भरलेले येतात. ○ प्रामाणिकपणे काढणाऱ्याला मात्र शाबासकी द्या. सोमवारी प्रत्येकाने आपला सर्वांत जास्त ○ असलेला रकाना निवडायचा आणि पुढचा आठवडा तेवढाच भरायचा.