पदरचं

डिचोलीच्या दुकानातल्या मुलीनं पहिलाच प्रश्न विचारला, "आजोबा, जुना चष्मा आणलाय?"

"जुना नाही."

"घरी राहिला?"

"नाहीच गो. कधी केलाच नाही."

तिनं प्रकाशकडे पाहिलं. प्रकाश कपाटातल्या गॉगलांकडे बघत राहिला. 74 वर्षांच्या बापाला आज पहिल्यांदा इथं आणलं, हे त्यालाही कुठंतरी लागलं असावं.

बारीक अक्षरांचा कागद हातात देऊन ती एकेक भिंग बदलत गेली. प्लस तीनवर अक्षरं जागच्या जागी उभी राहिली. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठ होत जातं, जवळचं धरत नाही, म्हणून याला चाळिशी म्हणतात, असं तिनं समजावलं. "तुमची चाळिशी जरा उशिरा आली," ती हसून म्हणाली. "आणि हे फक्त वाचायला हां. लावून चालू नका, पायरी चुकेल."

कदंबाच्या बसनं परतताना पुंडलिकनी डबी खिशात ठेवली आणि वाटभर वरून हात धरला.

आता, चष्मा इतकी वर्षं का केला नाही? घरात सगळ्यांना त्यांचं एकच उत्तर पाठ होतं: "मला माडावरचा नारळ दिसतो, तुम्हाला दिसतो?" नारळ खरंच दिसायचा. लांबचं सगळं दिसायचं. अडचण जवळच्याची होती आणि ती कुणाला सांगायची, हा प्रश्न होता. कारण पुंडलिक म्हणजे गावच्या उत्सवी नाटकांचे प्रॉम्प्टर. गोवामुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावात मराठी शाळा आली, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि पहिलीत सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत बसले होते. गुडघे पाटीच्या वर यायचे. इतक्या उशिरा हाती आलेलं अक्षर, त्यामुळे त्याचा अभिमानही तेवढाच. विंगेत पेट्रोमॅक्सच्या उजेडात वही धरून बसायचे आणि नट अडखळायच्या अगोदर शब्द पोचवायचे. हलक्या आवाजात, एकच शब्द. अख्खं वाक्य सांगतो तो प्रॉम्प्टर नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

पन्नाशीच्या जरा अलीकडे वही लांब धरावी लागू लागली. मग हात पुरेनात. एका उत्सवात त्यांनी कृष्णाचा शब्द अर्जुनाला दिला, आणि पुढच्या वर्षी "आता तरुणांनी करावं" म्हणून वही खाली ठेवली. लोकांनी शाल-नारळ दिला. खरं कारण बायकोलासुद्धा कळलं नाही. पेपर तेवढा ते रोज उघडायचे, मोठे मथळे वाचून घडी घालायचे. गेल्या जूनपासून तेही बंद झालं होतं, कारण नात वाचून दाखवायची.

सानवी दुसरीत. सकाळी पदेराचा हॉर्न वाजला, पाव घेतले, की आजो सोप्यावर बसायचा आणि ती शेजारी पाय हलवत पेपर वाचायची. काय एकेक बातम्या! म्हापशात एकाच्या विहिरीत बांगडे सापडले. मडगावच्या एका म्हातारीचं मांजर आगगाडीत बसून कारवारला गेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आलं. पुंडलिक त्या बातम्या संध्याकाळी पारावर सांगत. भिकू म्हणायचा, "मीही तोच पेपर वाचतो रे, त्यात बांगडे नव्हते." "तू शेवटचं पान बघत नाहीस," पुंडलिक ठणकावून सांगत. यावरून दोघं चार दिवस बोलत नव्हते.

त्या सकाळी चष्मा डोळ्यांवर चढवला तेव्हा आधी अंगणातली तुळस विरघळली. माड म्हणजे हिरवा धूर. त्यांना क्षणभर वाटलं, फसवलं त्या मुलीनं. मग मान वळवली.

शेजारी सानवी होती, हातभर अंतरावर, आणि तिला भुवया होत्या. म्हणजे भुवया असणारच, पण त्यातला केस नि केस होता. वरच्या ओठावर चहाची पुसट रेघ. बोटाला पेनाची शाई. पुढचा नवा दात कडेला करवतीसारखा बारीक दातेरी. आणि उजव्या भुवईत एक पांढरी फट, तिथं केसच नव्हते.

"हे काय गो बाय?"

"कुठं?" तिनं बोट लावून पाहिलं. "ते होय! मी पायरीवरून पडले होते ना. तूच उचललंस की मला. हळद पण तूच दाबलीस."

तीन वर्षं झाली त्याला. रक्त त्यांच्या सदऱ्यावर आलेलं आठवत होतं. खूण मात्र ते आज बघत होते.

"आजो, असा काय बघतोस? डोळे किती मोठे झालेत तुझे! म्हशीएवढे."

"वाच तू."

तिनं पेपर उघडला. पुंडलिकनी सवयीनं डोळे मिटले, आणि मग आठवण झाल्यासारखे उघडले. सानवीचं बोट वीजखात्याच्या सूचनेवर होतं. दुरुस्तीसाठी सकाळी नऊ ते एक पुरवठा बंद, खाली गावांची नावं. तिनं पहिला शब्द लावला, "दु... रु..." आणि तिथं जोडाक्षर आडवं आलं. बोट थांबलं. खालचा ओठ त्या नव्या दाताखाली गेला. नजर पेपरवरून उठली, कौलांकडे गेली, तिथून अंगणात, आणि चेहरा एकदम खुलला.

"साखळीत," ती वाचू लागली, "वाळवंटी नदीला पूर आला आणि एक सुसर देवळाच्या पायऱ्या चढून वर आली."

पुंडलिक गप्प. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. विंगेतून तो त्यांनी शंभरदा पाहिला होता: भाषण विसरलेला नट क्षणभर छताकडे बघतो आणि मग पदरचं बोलू लागतो, तो चेहरा. अशा वेळी काही नट भुईला खिळतात. काही असे असतात की वहीतलं बरं की यांचं, असा प्रश्न पडतो.

म्हणजे बांगडेही पदरचे. मांजरही. भिकूची माफी मागावी लागणार, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते बाजूला सारलं.

"मग?"

"मग पुजारी घाबरले. सुसर म्हणाली, मी... सुसर म्हणाली..."

ती अडली. बोट अजून वीजखात्यावरच होतं. ओठ पुन्हा दाताखाली. या वेळी कौलांवर काही मिळालं नाही, अंगणातही नाही. कानाची पाळी लाल होऊ लागली. तेही त्यांना दिसलं.

पुंडलिक किंचित पुढे झुकले. मान न वळवता, ओठ जेमतेम हलवत, पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या आवाजात त्यांनी शब्द दिला.

"उपाशी..."

"उपाशी आहे!" सानवी ओरडली. "मला प्रसाद द्या!"

आणि पेपरचं पान उलटून ती पुढचं वाचू लागली.