अन्नजाळे आणि ऊर्जेचा ऱ्हास : सरावप्रश्न

इयत्ता नववी, विज्ञान. प्रकरण : परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह
एकूण गुण ३०. पुस्तक उघडे ठेवायला हरकत नाही, शेजारच्याची वही मात्र बंद ठेवावी.

सुरुवातीलाच दोन गोष्टी. अन्नजाळ्यातला बाण खाल्ल्या जाणाऱ्यापासून खाणाऱ्याकडे जातो, कारण ऊर्जा त्याच दिशेने जाते. दरवर्षी अर्धा वर्ग वाघाकडून चितळाकडे बाण काढतो. त्याचे गुण कापले जातील. दुसरे, ‘ऊर्जा नष्ट झाली’ असे उत्तर कुठेही लिहू नका. ती कुठे गेली ते लिहा.

प्रश्न १. काटोलकडची संत्र्याची बाग (६ गुण)

संत्र्याच्या पानांतला रस काळ्या माशीची पिल्ले शोषतात. त्यांच्या अंगातून पडणारा गोड, चिकट द्रव पानांवर पसरतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. शेतकरी तिला कोळशी म्हणतात. ढालकिडे या पिल्लांना खातात, कोळी छोट्या किड्यांना पकडतात, सरडा ढालकिडे आणि कोळी दोन्ही खातो आणि शिक्रा सरड्याला उचलून नेतो.

(अ) अन्नजाळे काढा. प्रत्येक सजीवाची पोषण पातळी लिहा. दोन पातळ्यांवर बसणारा सजीव सापडला तर दोन्ही लिहा.
(आ) कोळशी पानाला खात नाही, तरी झाड कमजोर होते. का?
(इ) फवारणीत काळी माशी आणि ढालकिडा दोघेही मेले. काही दिवसांनी माशी आधी परतली, ढालकिडा उशिरा. पोषण पातळीचा आधार घेऊन कारण सांगा.

प्रश्न २. अंबाझरी तलाव (११ गुण)

आकडे गणितासाठी घेतलेले आहेत, तलावावर मोजलेले नाहीत. समजा, एका चौरस मीटरमध्ये वर्षभरात वाढीच्या रूपात साठलेली ऊर्जा अशी आहे :

शैवाल : २०,००० किलोज्यूल
प्राणिप्लवक : २,४०० किलोज्यूल
लहान मासे : २४० किलोज्यूल
पाणकावळा : १८ किलोज्यूल

(अ) प्रत्येक टप्प्यावर किती टक्के ऊर्जा पुढे गेली ते काढा. तिन्ही उत्तरे वेगवेगळी येतील. गणित चुकले म्हणून खोडू नका.

(आ) रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकी शास्त्रज्ञाने मिनेसोटातल्या एका छोट्या तलावाचा अभ्यास करून ऊर्जाप्रवाहाचा विचार मांडला. त्याचा निबंध १९४२ मध्ये छापून आला, तेव्हा तो हयात नव्हता. ‘दहा टक्के नियम’ त्याच्याच कामातून पुढे आला. तुमची सगळीच उत्तरे नेमकी १० का आली नाहीत? नियम खोटा ठरला का?

(इ) आता माशांचा जमाखर्च. प्राणिप्लवकांच्या २,४०० पैकी ८०० किलोज्यूल माशांनी खाल्ले. त्यातले १६० न पचता विष्ठेतून बाहेर पडले आणि २४० वाढीत साठले. उरलेले किती, आणि ते कोणत्या क्रियेत खर्च झाले? न खाल्लेल्या १,६०० चे पुढे काय होते? जमा आणि खर्च जुळला पाहिजे.

(ई) तलावावर जलपर्णी पसरली. ती हिरवी आहे, उत्पादक आहे, सूर्यप्रकाशावर जोमाने वाढते. मग उत्पादक वाढूनही मासे का कमी होतात? हा प्रश्न ४ गुणांचा आहे. ‘प्रदूषणामुळे’ एवढे लिहून चालणार नाही.

प्रश्न ३. पेंचचे जंगल (८ गुण)

वर्गातला हा संवाद वाचा.

“काऊन बे, वाघ एवढा ताकदवान, मंग त्याच्यापाशी सगळ्यात जास्त ऊर्जा असंल ना?”
“अरे, जंगलात वाघ किती आन् गवत किती, ते पाय ना आधी!”

(अ) दोघांपैकी कोणाचे बरोबर? ऊर्जेचा मनोरा काढून दाखवा.

(आ) वानरे झाडावर पाला खाताना बराचसा खाली सांडतात आणि चितळे तो खातात. अन्नजाळ्यात वानराकडून चितळाकडे बाण काढायचा का?

(इ) एक वाघ वर्षाला साधारण चितळाएवढ्या ५० प्राण्यांची शिकार करतो. ती वर्षानुवर्षे मिळत राहायची तर जंगलात सुमारे ५०० भक्ष्य प्राणी लागतात. एका विद्यार्थ्याने लिहिले, “५०० च्या १० टक्के म्हणजे ५०, हाच दहा टक्के नियम.” त्याची गफलत कुठे झाली?

प्रश्न ४. थोडक्यात (२ गुण)

ऊर्जा प्रत्येक पातळीवर घटते. काही कीटकनाशकांचे प्रमाण मात्र वरच्या पातळीतल्या प्राण्यांच्या शरीरात वाढत जाते. दोन्ही एकाच साखळीत कसे घडते?

प्रश्न ५. ताटातले गणित (३ गुण)

ज्वारीच्या एका शेतातून ५०,००० किलोज्यूल ऊर्जेचे धान्य निघाले. ते थेट भाकरीसाठी वापरले तर माणसाच्या ताटात किती ऊर्जा येईल? तेच बोकडाला चारून सावजी रस्सा केला तर, दहा टक्के धरून, किती? आता सांगा : बोकड धान्याऐवजी बाभळीचा आणि बोरीचा पाला खाऊन वाढला असेल, तर ‘मटणात ऊर्जा वाया जाते’ हे विधान तितकेच खरे राहते का?

अडणाऱ्या प्रश्नांसाठी संकेत

(आधी सोडवा, मग वाचा.)

१ (आ) : काळा थर पानावर बसला की पानापर्यंत काय पोहोचत नाही? फटका पहिल्याच पातळीला बसतो, म्हणून वरच्या सगळ्यांना जाणवतो.

२ (आ) : दहा हा सरासरीचा अंदाज आहे. ऊर्जा नष्ट होत नाही, हा भौतिकशास्त्राचा नियम. त्याला अपवाद नाही. दहा टक्क्यांचे तसे नाही. कोण काय खातो आणि किती पचवतो, यावर आकडा वर-खाली होतो.

२ (इ) : उरलेले ४०० श्वसनात जातात. पोहणे, शरीर चालवणे यासाठी ती ऊर्जा वापरली जाते आणि शेवटी उष्णता होऊन पाण्यात, हवेत जाते. ती उष्णता कोणतेही शैवाल पुन्हा अन्नात बदलू शकत नाही. न खाल्लेल्यातले बरेच विघटकांकडे जाते आणि तेही श्वसन करतात. कार्बन आणि नायट्रोजन मात्र फिरून वनस्पतीकडे येतात. पदार्थाचे चक्र असते, ऊर्जेचा प्रवाह एकाच दिशेचा.

२ (ई) : तीन धागे जोडा. पाण्याखालच्या शैवालाला प्रकाश मिळतो का? जलपर्णीला खाणारे इथे किती आहेत? ती मेल्यावर कुजताना पाण्यातला कोणता वायू संपतो? ऊर्जा तलावात येते खरी, पण माशांच्या वाटेने न जाता विघटकांच्या वाटेने जाते.

३ (आ) : पाला चितळाच्या पोटात जातो, वानर नाही. बाण झाडाकडूनच. वानराची मदत तुटक रेषेने दाखवली तर चालेल.

३ (इ) : एक टक्केवारी डोक्यांची आहे, दुसरी ऊर्जेची. ५०० मधले ५० गेले तरी नव्या पाडसांनी कळप भरून निघतो, एवढाच पहिलीचा अर्थ. खाल्लेल्या ५० प्राण्यांतली किती ऊर्जा वाघाच्या अंगी लागली, हा हिशेब वेगळाच आहे आणि वाघासारख्या उष्ण रक्ताच्या प्राण्यात तो दहापेक्षा बराच कमी येतो. शरीराचे तापमान टिकवण्यातच मोठा वाटा खर्च होतो.

५ : पहिले दोन आकडे सोपे आहेत, संकेत लागणार नाही. शेवटच्या भागासाठी स्वतःला विचारा, बाभळीचा पाला तुम्हाला पचतो का?