जमा

ओटीपी साईचा होता, पण मेल रेणुकाच्या पत्त्यावर येणार होती. कॉलेजच्या फॉर्मसाठी त्यानं अक्काचाच ईमेल दिला होता.

"येईना की अक्का. दोनदा पाठवलं."

"स्पॅममध्ये बघू," ती म्हणाली आणि कधी उघडत नसलेला तो कप्पा तिनं उघडला.

ओटीपी सगळ्यात वर होता. साई आकडे टाकून उठलाही. रेणुकाची नजर मात्र खाली गेली होती. लॉटरी, कर्ज, वजन कमी करायच्या गोळ्या, आणि त्यांच्यात अनघाताईंच्या कंपनीचं नाव. एकदा नाही, तीनदा. सगळ्यात जुनी मेल २९ एप्रिलची. विषय होता Payment Advice.

आज २३ मे. स्पॅममधली मेल तीस दिवसांनी आपोआप पुसली जाते, हे त्याच पानावर वर लिहिलेलं होतं. आठवडाभर आणखी गेला असता, तर ही मेल राहिलीच नसती.

तिनं लगेच विश्वास ठेवला नाही. अशाच विषयाच्या मेल फसवणारेही पाठवतात, आणि सोबत एक पीडीएफही जोडलेली होती. ती तिनं उघडली नाही. मेलच्या मजकुरातच सगळं होतं: आठ नक्षी, दर आठ हजार, एकूण ६४,०००. दहा टक्के टीडीएस ६,४००. एनईएफटीनं पाठवले ५७,६००. पुढं सोळा अक्षरांचा यूटीआर नंबर आणि खात्याचे शेवटचे चार आकडे.

ते चार आकडे तिच्या चालू खात्याचे नव्हते. ओळखीचे मात्र होते.

दोन वर्षांपूर्वी अनघाताईंचं पहिलं काम घेतलं, तेव्हा त्यांच्या हिशेबनिसानं एक फॉर्म भरून घेतला होता. तेव्हा रेणुकाकडं एकच खातं होतं, अप्पांच्या आणि तिच्या नावावर मिळून काढलेलं. पुढं तिनं स्वतःचं खातं उघडलं, बिलावर त्याचा नंबर छापायला लागली. मधल्या काळातली दोन छोटी बिलं अनघाताईंनी फोनवरूनच यूपीआयनं दिली होती. हिशेबनिसाकडं जुना फॉर्म तसाच राहिला. जुन्या खात्याचे मेसेज जातात अप्पांच्या मोबाईलवर, आणि अप्पांचा मोबाईल म्हणजे बटणांचा.

अप्पा अंगणात नळाखाली बादल्या लावत होते. आज पाण्याचा दिवस. घरातलं प्रत्येक पातेलं, कळशी, पिंप बाहेर आलं होतं.

"अप्पा, बँकेचा मेसेज आला होता का? महिन्यापूर्वी?"

"येतच असतात. इंग्रजीत. कर्ज घ्या म्हणून असतील."

त्यांनी ओल्या हातानं खिशातून फोन काढून दिला. खाली, खूप खाली, तो मेसेज होता. २९ एप्रिल, ५७,६०० जमा. बिलाची मुदत २ मेपर्यंत होती. म्हणजे पैसे मुदतीच्या तीन दिवस आधी आले होते.

रेणुका पायरीवर बसली. शेजारच्या कारखान्यात यंत्रमाग चालू होते. त्या खटखटीत ती लहानाची मोठी झाली, तरी त्या क्षणी तो आवाज तिला सहन होईना.

आता या महिन्यात काय काय झालं ते सांगायला हवं. २ मे गेली, पैसे दिसले नाहीत. तिनं इनबॉक्समध्ये अनघाताईंचं नाव शोधलं, काही सापडलं नाही. जीमेलचा साधा शोध स्पॅममध्ये जात नाही, त्याला `in:anywhere` असं सांगावं लागतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं आठवण करून देणारा निरोप पाठवला नाही. फोनही केला नाही. साईची फी आणि लाईट बिल तोंडावर होतं, म्हणून बचत गटातून तीस हजार उचलले, शेकडा दोन रुपये महिना व्याजानं. मधे अनघाताईंचा फोन दोनदा आला. पैसे न देता पुढचं काम सांगायला करतायत, असं धरून तिनं तो उचलला नाही. आणि १५ मेच्या रात्री जॅकार्डची डिझाईन करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'पुण्याच्या त्या ताईंचं काम घेताना अॅडव्हान्स घ्या. माझं बिल बुडालं.' नाव लिहिलं नव्हतं, पण ग्रुपवर सगळ्यांना कळलं. सोलापुरात वॉल हँगिंगच्या नक्षी पुण्याला देणारे असे कितीजण असणार?

विचारायचं नाही, हे तिनं फार पूर्वी ठरवलं होतं. शाळेत असताना एकदा डबा द्यायला ती कारखान्यावर गेली होती, तेव्हा अप्पा मालकाच्या ऑफिसच्या दारात उभे होते. आत पंखा चालू होता, मालक फोनवर बोलत होते, आणि अप्पा टोपी हातात धरून वाट बघत होते. त्या दिवसापासून तिनं मनाशी गाठ मारली की आपण कुणाच्या दारात असं उभं राहणार नाही. कंप्युटरवर नक्षी काढायला ती शिकली त्यामागं हेही होतं. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरणाऱ्या माणसाला कारखान्यात जावं लागतं. फाईल पाठवणाऱ्याला कुठंच जावं लागत नाही, असं तिला वाटायचं.

हे सगळं ती अप्पांना सांगत बसली नाही. फक्त म्हणाली, "पैसे आलेच होते. मी विचारलंच नाही त्यांना."

"का नाही विचारलंस?"

ती गप्प राहिली. मग एकदम म्हणाली, "तुम्ही उभे राहायचात ना मालकांच्या दारात. मला नव्हतं तसं उभं राहायचं."

अप्पांनी भरलेली बादली बाजूला ओढली, रिकामी लावली. त्यांना ते वाक्य लागलं असावं, कारण उत्तर द्यायला त्यांनी वेळ घेतला.

"ते मी मागायला उभा राहात नव्हतो गं. हिशेब लिहून घ्यायला राहायचो. मुकादम बारा चादरींच्या दहा लिहायचा. मी म्हणायचो, बारा विणल्यात, बारा लिहा. लिहून होईस्तोवर हलायचो नाही. बाकीचे घरी जायचे, मग शनिवारी पगार कमी म्हणून रडायचे."

"आणि टोपी?"

"कारखान्यात टोपीवर सगळा कापूस बसतो. झटकून हातात घेतली असंल." ते जरा थांबले. "जा, पासबुक भरून घे. मशीनवर. मोबाईलवरचं काही खरं नसतं."

कन्ना चौकातल्या शाखेत दुपारी गर्दी नव्हती. बाहेर ऊन असं होतं की स्कूटरच्या सीटला हात लागू नये. मशीननं पासबुक गिळलं, कर्रकर्र करत तीन पानं छापली. २९ एप्रिलच्या ओळीत जमा रकमेसमोर तोच यूटीआर होता. तिनं मेलमधला आणि पासबुकातला नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवला. सोळाच्या सोळा जुळले. मग तिथंच बाकावर बसून तिनं उरलेल्या दोन मेल वाचल्या.

दुसरी ६ मेची, अनघाताईंनी स्वतः लिहिलेली. पाचव्या नक्षीत मोराच्या पिसाऱ्यामागं बाण्याचा दोरा फार लांब सुटतो, मागच्या बाजूनं अडकून तुटतो, मागवाले थांबलेत, बाइंडिंग देऊन फाईल पाठवाल का? तिसरी १३ मेची. 'रेणुका, तब्येत बरी आहे ना? फोनही लागत नाही. पैसे मिळाले का तेवढं कळवा.'

ती शेवटची ओळ तिनं पुन्हा वाचली. पैसे मिळाले का तेवढं कळवा. दोन दिवसांनी तिनं ग्रुपवर ते लिहिलं होतं.

आधी कुणाला सांगायचं, यावर ती थोडी अडली. अनघाताईंना फोन करून मोकळं होणं सोपं होतं. पण लिहिलेलं ग्रुपवर होतं, तिथं ते अजून उभं होतं. तिनं बाकावरूनच टाईप केलं. 'पुण्याच्या अनघाताईंबद्दल मी १५ तारखेला लिहिलं ते चूक होतं. माझं पूर्ण बिल २९ एप्रिललाच, मुदतीआधी जमा झालंय. मेल स्पॅममध्ये होती आणि मी चौकशी केली नाही. त्यांचं काम निर्धास्त घ्या.' खाली पासबुकातल्या त्या ओळीचा फोटो लावला, खात्याचा नंबर झाकून.

दोन अंगठे आले. मग व्यंकटेशअण्णांचा फोन. अण्णा कागदी ग्राफच्या काळातले. पंचकार्ड हातानं मारलेले. रेणुकाला ताणा-बाण्याचं गणित त्यांनीच शिकवलं होतं.

"पोरी, मी त्यांचं काम परत केलं ना. सहा नक्षी होत्या. तुझं बुडालं म्हटल्यावर म्हटलं कशाला."

"त्यांना कारण सांगितलंत?"

"सांगितलं. खोटं कशाला बोलू? आमच्या पोरीचे पैसे द्या आधी, म्हटलं."

रेणुकाला काही बोलता येईना.

"लाव त्यांना फोन," अण्णा म्हणाले. "मी नंतर लावतो. आधी तू."

अनघाताईंनी दुसऱ्या रिंगला उचलला. रेणुकानं जे झालं ते ओळीनं सांगितलं. मेल, जुनं खातं, अप्पांचा मोबाईल, ग्रुप. मधे कुठं थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढचं निघालं नसतं.

पलीकडं थोडा वेळ शांतता होती.

"अण्णांनी सांगितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं," अनघाताई म्हणाल्या. "पैसे गेले नाहीत की काय म्हणून मी आमच्या हिशेबनिसाला दोनदा बँकेत पाठवलं. तो बिचारा यूटीआर दाखवत होता. मी त्याच्यावरच चिडले. लगेच तुम्हाला फोन केला. तुम्ही उचलला नाही."

"हो. नाही उचलला."

"का, ते विचारत नाही. पण एकदा विचारायचं होतंत, रेणुका. एका ओळीत. मला राग आला नसता."

"ग्रुपवर दुरुस्ती टाकलीय मी. आणि अण्णा तुमच्या सहा नक्षी करतील, त्यांचा फोन येईल."

"आणि पाचवी?"

"ती आज रात्री पाठवते. तिचे वेगळे पैसे लावत नाही, ती माझ्याच फाईलची दुरुस्ती आहे."

"मागवाले दोन आठवडे थांबलेत, त्याचं काय?"

हे तिनं मनात धरलं नव्हतं. एक माग दोन आठवडे बंद म्हणजे किती, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. अप्पांच्या मागाला एकदा बीम नव्हता तेव्हाचे दिवस तिनं पाहिले होते.

"त्यांचा आकडा काढून मला कळवा," ती म्हणाली. "पुढच्या बिलातून कापा."

"बघू. अर्धा माझ्याकडं लागेल. जुना फॉर्म आमच्याकडंच राहिला होता."

"नवीन खात्याचा फॉर्म आजच भरून देते. आणि ताई, पैसे सोडले की व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकत जा. मुदत झाली आणि दिसले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी माझा फोन येईल तुम्हाला."

"कराच," अनघाताई म्हणाल्या, आणि मोराचा पिसारा खालून कितव्या ओळीपासून सुटतोय ते सांगायला लागल्या. रेणुकानं पासबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर आकडे लिहून घेतले.