पाडव्याच्या हळदीला उशीर झाला, त्याबद्दल

(मोबाईल स्टँडवर, सपरीत, सकाळच्या उजेडात. मागे संगीत नको. कागदावरचे आकडे कागद पाहूनच वाचायचे.)

नमस्कार जी.

मी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातून वायगाव हळद विकते. फेब्रुवारीत ज्यांनी माझ्याकडे नव्या हळदीचं बुकिंग केलं, पूर्ण पैसे आधी दिले आणि ज्यांना मी पाडव्याच्या आत पार्सल घरी येईल असं सांगितलं, त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांची हळद पाडव्याला आली नाही. काहींची अजूनही आलेली नाही. त्याबद्दल मी तुमची माफी मागते.

आधी आकडे सांगते, म्हणजे आपण कुठे आहोत हे तुम्हाला कळेल. पाडव्यासाठी एकूण २१४ ऑर्डर होत्या. त्यातल्या ९६ वेळेत पोचल्या. ५५ पाडव्यानंतर पोचल्या. काल, ८ एप्रिलच्या रात्रीपर्यंत ६३ पार्सलं जायची बाकी आहेत. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना दिलेला शब्द मी पाळला नाही.

(पडद्यावर: एकूण २१४ / वेळेत ९६ / उशिरा ५५ / बाकी ६३)

आता हे कसं झालं ते.

बुकिंग उघडलं तेव्हा हळद अजून वावरात होती. खणायची होती, शिजवायची होती, वाळवायची होती, ढोलात घालून पॉलिश करायची होती आणि मग दळायची होती. शिजवलेली हळद वाळायला पंधरा दिवस तरी धरावे लागतात. मी अगदी मोजून तेवढेच धरले, वर एकही दिवस ठेवला नाही. मार्चमध्ये मधे आभाळ आलं, हळकुंडावर ताडपत्री टाकावी लागली, वाळवण लांबलं. पण मार्चमध्ये आपल्याकडे आभाळ येतंच. हळद करणाऱ्या घरात हे लहान पोरालाही माहीत असतं. त्यामुळे त्याला मी कारण म्हणणार नाही. ते दिवस तारीख देतानाच धरायचे होते.

एक गोष्ट दाखवते.

(टोपलीतून एक हळकुंड घ्यायचं, कॅमेऱ्याजवळ धरून मोडायचं. आवाज नीट आला पाहिजे.)

हा आवाज ऐका. पूर्ण वाळलेलं हळकुंड असं काटकन मोडतं. आत ओल असेल तर ते चिवट लागतं, वाकतं आणि मग तुटतं. असं ओलसर हळकुंड दळलं तर पावडरचे गोळे होतात आणि काही दिवसांनी डब्यात बुरशी धरते. म्हणून ते दळायचं नाही, हा निर्णय बरोबर होता आणि पुन्हा वेळ आली तरी मी तोच घेईन.

पण १२ मार्चला मी असंच हळकुंड मोडून पाहिलं होतं आणि ते वाकलं होतं. पाडवा १९ तारखेला. पहिल्या खेपेची हळद दळून निघाली होती, दुसरी खेप पाडव्याला जाणार नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. त्याच संध्याकाळी तुम्हाला मेसेज करायला हवा होता. मी केला नाही. दोन-तीन दिवस कडक ऊन पडलं तर जमून जाईल, असं मनाशी धरून बसले.

आणि उशिरापेक्षा जी गोष्ट मला जास्त लागते, ती पुढची आहे. तुमचे मेसेज यायला लागले. नागपूरच्या एका काकूंनी विचारलं, "काहून जी, हळद पाठवून नाही राहिल्या?" मी उत्तर दिलं, "निघालं काकू, दोन दिवसांत येईल." ते निघालं नव्हतं. डब्यावर पत्ता लिहून झाला होता, एवढंच. असं "निघालं" मी बऱ्याच जणांना लिहिलं. काहींना "पोस्टात अडकलं असेल" असंही लिहिलं. ते खोटं होतं. पोस्टाने एकही पार्सल उशिरा नेलेलं नाही, कारण ती पार्सलं पोस्टात पोचलीच नव्हती. तुमच्यातल्या काहींनी माझ्या शब्दावर तुमच्या पोस्टमनदादांना फोन केले, एक काका तर उन्हात पोस्टात जाऊन विचारून आले. त्या काकांची आणि त्या पोस्टमनदादांची मी वेगळी माफी मागते.

पॅकिंगला माझ्याकडे गावातल्या बाया येतात. कुणीतरी लिहिलं की बायांकडून काम नीट होत नसेल. तसं अजिबात नाही. माल जसा हातात आला तसा त्यांनी भरून दिला. तारीख मी दिली होती आणि मेसेजही मीच लिहीत होते.

अमरावतीच्या एका ताईंनी मुलीच्या हळदीसाठी दोन किलो मागवली होती. लग्न मार्चअखेरीस होतं. त्यांना हळद बाजारातून आणावी लागली. त्यांचे पैसे परत केले आहेत, पण पैसे परत केल्याने ते भरून निघालं असं मी समजत नाही. त्यांनी ही हळद ठरवून, महिनाभर आधी सांगून घेतली होती. त्यांना विचारूनच हे इथे बोलते आहे. ताई, तुम्ही फोनवर शांतपणे बोललात. मी त्या दिवशी नीट बोलू शकले नाही, म्हणून आज सांगते. तुम्ही वेळेत सांगितलं होतं, वेळेत पैसे दिले होते, तुमच्याकडून काहीच राहिलं नव्हतं.

आता उरलेल्या ६३ पार्सलांचं.

हळद दळून, चाळून, थंड करून ठेवलेली आहे. गरम पावडर भरली तर पिशवीला आतून घाम येतो, म्हणून ती रात्रभर पसरून ठेवली होती. आज भरणं चालू आहे. उद्या शुक्रवारी, १० एप्रिलला, २५ पार्सलं पोस्टात जातील. सोमवारी १३ तारखेला २०. १४ ला बाबासाहेबांच्या जयंतीची सुट्टी आहे, म्हणून उरलेली १८ बुधवारी १५ तारखेला. ज्याची ऑर्डर आधीची, त्याचं पार्सल आधी. कुणी जास्त रागावलं म्हणून त्याचं पुढे, कुणी गप्प बसलं म्हणून त्याचं मागे, असं होणार नाही.

तुमचं पार्सल कोणत्या दिवशी आहे, हे आज संध्याकाळपर्यंत मी प्रत्येकाला वेगवेगळं कळवते. आणि पार्सल पोस्टात दिल्यावर पावतीचा फोटो पाठवते. स्पीड पोस्टचा नंबर १३ अक्षरांचा असतो, सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मधे नऊ आकडे आणि शेवटी IN. तो पोस्टाच्या वेबसाइटवर टाकला की पार्सल कुठे आहे ते दिसतं. यापुढे पावतीचा फोटो आल्याशिवाय माझं "निघालं" हे खरं धरू नका. मीही तो फोटो काढल्याशिवाय तो शब्द लिहिणार नाही.

ज्यांना आता हळद नको असेल, त्यांनी ज्या नंबरवर ऑर्डर दिली होती त्याच नंबरवर फक्त "पैसे परत" एवढं लिहा. कारण विचारणार नाही. मेसेज आला की त्याच दिवशी, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, पूर्ण रक्कम टपालखर्चासकट परत येईल. ज्या खात्यातून आली त्याच खात्यात. आणि एक लक्षात ठेवा, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही. माझं नाव सांगून कुणी पिन टाकायला सांगितला, लिंक पाठवली किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला, तर ती मी नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण पैसे परत मिळणार म्हटलं की फसवणारे लगेच जागे होतात, आणि माझ्या उशिरापायी तुमचं आणखी नुकसान व्हायला नको.

ज्यांना हळद हवीच आहे, त्यांचा टपालखर्च मी परत करते आहे. तो ५५ जणांनाही मिळेल, ज्यांची हळद उशिरा का होईना पोचली. काही जण म्हणाले, त्यापेक्षा पुढच्या ऑर्डरवर सूट द्या. ते मला पटलं नाही. सूट घ्यायची तर तुम्हाला पुन्हा माझ्याकडूनच घ्यावं लागेल, आणि ते आत्ता तुमच्यावर लादणं बरं नाही. पैसे हातात घ्या, पुढचं पुढे ठरवा.

२२ एप्रिलपर्यंत पार्सल पोचलं नाही, तर मला कळवा. पूर्ण पैसे परत करीन, आणि नंतर पार्सल आलंच तर ते ठेवून घ्या. एवढ्याने समाधान झालं नाही किंवा मी पुन्हा उत्तर दिलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रार करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्याचं मला वाईट वाटणार नाही.

(पडद्यावर: पैसे परत हवे असल्यास ऑर्डरच्याच नंबरवर "पैसे परत" लिहा. ग्राहक हेल्पलाइन १९१५.)

पुढच्या हंगामापासून हळद दळून माझ्या घरात येत नाही तोवर मी कुणाचेही पैसे घेणार नाही. ज्यांना हवी असेल त्यांचं नाव वहीत लिहून ठेवीन, माल तयार झाला की कळवीन, मग तुम्ही ठरवा. यात माझी अडचण आहे, ती सांगते. फेब्रुवारीत जे पैसे येतात, त्यातूनच मी शेतकऱ्यांना ओल्या हळदीचे पैसे देत होते. आता ती सोय मला दुसरीकडून करावी लागेल आणि कदाचित माल कमी घ्यावा लागेल. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरून मागणी वाढली, आणि मागणी आहे म्हणून मी पसारा वाढवत गेले. कमी घेईन, पण जेवढी तयार असेल तेवढीच विकीन.

एक विनंती. काहींनी खाली लिहिलं की "वायगाव हळद घेऊच नका". माझ्याकडून घेऊ नका असं म्हणालात तर ते मला मान्य आहे. पण या पट्ट्यात कितीतरी घरं ही हळद लावतात, त्यातल्या अनेकांचा माझ्याशी काही संबंध नाही, आणि त्यांच्या मालात काही कमी नाही. माझा राग त्यांच्यावर नको.

आज रात्री आठ ते दहा मी फोन घेते आहे. ज्यांना मेसेज नको, बोलायचं आहे, त्यांनी बोला. लाइन व्यस्त लागली तर मी स्वतः परत लावीन. बुधवारी १५ तारखेला शेवटचं पार्सल पोस्टात दिल्यावर इथेच एक छोटा व्हिडिओ टाकते, त्यात ६३ पैकी किती गेली आणि किती जणांनी पैसे परत घेतले ते सांगते.

नमस्कार.