देवगड हापूस थेट बागेतून | २ डझन पेटी | फळ २३० ते २७० ग्रॅम, निव्वळ किमान ५.७५ किलो | कुणकेश्वर, ता. देवगड | नैसर्गिक पिकवण, कच्चा तयार आंबा | मुंबई-पुणे ३ दिवसांत घरपोच

किंमत: ₹२,१०० (मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि कोल्हापूरला पोचवण्याचा खर्च यातच)
नाशिक: ₹१५० जास्त
हंगाम: २० मेपर्यंत. त्यानंतर ही जाहिरात बंद होईल.

वरची ओळ लांबलचक आहे खरी, पण तिच्यातल्या प्रत्येक शब्दाबद्दल मला जाब विचारता येईल, म्हणून ती तशीच ठेवली आहे.

आधी वजनाचं सांगतो, कारण फसगत तिथेच होते. आंबा डझनावर विकला जातो आणि डझन हे काही वजन नव्हे. १६० ग्रॅमची २४ फळं भरली तरी ती दोन डझनच, पण पेटी चार किलोच्याही आत. तुम्ही दोन जाहिरातींच्या किमती शेजारी ठेवून बघता तेव्हा एक ₹६०० स्वस्त दिसते आणि फळाचं वजन मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. आमच्याकडे प्रत्येक फळ काट्यावर जातं. २३० च्या खालचं आणि २७० च्या वरचं बाजूला काढतो आणि पेटी ५.७५ किलोच्या खाली असेल तर बांधत नाही. हे वजन खोका आणि पेंढा सोडून, भरतानाचं आहे. आंबा पिकताना सुकतो. आमच्या आढीत २५० ग्रॅमचं फळ खायला तयार होईपर्यंत २३० च्या आसपास येतं. त्यामुळे आठ दिवसांनी घरी वजन केलंत तर कमी भरेल, ती खोट नाही. पेटी हातात आल्याच्या दिवशी कमी भरली तर मात्र काट्यावरचा फोटो पाठवा, फरकाचे पैसे परत.

लहान फळ चालत असेल तर १८० ते २२० ग्रॅमची पेटी याच दुकानात वेगळी लावली आहे. आमरसाला तीच घ्या, उगाच जास्त पैसे कशाला?

आता गाव. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. म्हणजे नुसतं 'कोकणचा हापूस' म्हटलं तरी मुलूख बराच मोठा होतो. आमची बाग सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात, कुणकेश्वरला आहे. जांभ्या दगडाच्या कातळावर सुरुंगाने खड्डे फोडून, त्यात बाहेरून माती आणून भरून वडिलांनी १४० कलमं लावली. पेटीत जातो तो एवढ्याच झाडांचा आंबा. शेजारच्या बागेतला घेऊन आकडा वाढवत नाही, त्यामुळे माल संपला की संपला. कर्नाटकातून येणारा हापूस खाण्यालायक नसतो असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर देवगडचा शिक्का मारून विकतात, राग त्याचा आहे. मानांकनाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र चौथ्या फोटोत आहे, नीट मोठं करून बघा.

काढणी सकाळी दहाच्या आत उरकतो. झेल्याने, बोटाच्या पेराएवढा देठ राखून. देठ मुळाशी मोडला की चीक सालीवर ओघळतो आणि पिकताना तिथे काळा डाग पडतो. आमच्याकडे आंब्याची तयारी आण्यात मोजतात. चौदा आणे झालेलाच आंबा उतरवतो. तरी एखादा कोवळा येतोच, म्हणून सगळी फळं पाण्याच्या टाकीत सोडतो. बुडालं ते पेटीत, तरंगलं ते आमच्या घरी पन्ह्याला. (एप्रिलभर दुसरं काही पीत नाही आम्ही.)

पेटी म्हणजे सवयीचा शब्द. खोका पुठ्ठ्याचा आहे, बाजूंना हवेची भोकं, आत भाताचा पेंढा आणि १२-१२ चे दोन थर. कार्बाइड नाही, गॅसची खोलीही नाही. आंबा हिरवाच येईल. फोटोतल्या पिवळ्या फळासारखा नाही आला म्हणून पहिल्याच दिवशी एक स्टार देऊ नका, ही विनंती.

घरी आल्यावर पेटी लगेच उघडा. जमिनीवर पेंढा पसरून आंबे एका थरात मांडा, वर थोडा पेंढा टाका आणि रोज एकदा हात फिरवा. एप्रिलात सहा ते आठ दिवस लागतात, मे महिन्यात चार-पाच. सगळे एकदम पिकत नाहीत, ते बरंच आहे. देठाजवळ वास सुटला आणि फळ अंगठ्याखाली किंचित दबलं की झालं. साल जराशी सुरकुतली तरी फेकू नका, तो सगळ्यात गोड निघतो. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवलात तर तो धड पिकणार नाही. पिकल्यावर खुशाल ठेवा.

साक्याबद्दलही आधीच सांगतो. हापूसमध्ये कधीकधी आत पांढरट, आंबट, भुसभुशीत भाग निघतो. बाहेरून तो मलाही दिसत नाही आणि हंगाम पुढे सरकतो, ऊन तापतं, तसं त्याचं प्रमाण वाढतं. २० मेनंतर विक्री थांबवण्याचं एक कारण हेच. तुमच्या पेटीत साका निघाला किंवा फळ सडलं तर कापलेल्या फळाचा फोटो पेटी मिळाल्यापासून १२ दिवसांत इथल्या चॅटवर टाका. फळामागे ₹८८ परत. फळ माघारी पाठवायला सांगत नाही.

पेट्या फक्त सोमवारी आणि बुधवारी संध्याकाळी निघतात. मागच्या हंगामात एका कुरिअरने शुक्रवारच्या ११ पेट्या शनिवार-रविवार गोदामात बंद ठेवल्या. मंगळवारी लोकांच्या दारात पोचला तो आंबा नव्हता, उकडलेला लगदा होता. सगळ्यांचे पैसे दिले आणि तेव्हापासून सुट्टीच्या तोंडावर माल सोडत नाही. सोमवारची पेटी गुरुवारपर्यंत, बुधवारची शनिवारपर्यंत पोचते. निघताना मेसेज येईल. त्या दिवसांत घरी कोणी नसेल तर शेजारचा नंबर द्या. 'वॉचमनकडे ठेवा' असं लिहिणार असाल तर पेटी उन्हात राहणार नाही एवढं त्याला सांगून ठेवा.

सोमवारच्या पेटीसाठी ऑर्डर रविवारी दुपारी १२ पर्यंत, बुधवारच्या पेटीसाठी मंगळवारी दुपारी १२ पर्यंत. पाच किंवा जास्त पेट्या एकाच पत्त्यावर हव्या असतील तर आधी चॅटवर विचारा; पेटीमागे ₹१०० कमी करता येतात, पण तेवढा आंबा त्या दिवशी उतरेल का ते झाड बघूनच सांगेन.