कार्यक्रमपत्रिकेतील परिचयाच्या दुरुस्तीबाबत

ऐरोली, नवी मुंबई
दि. ९ जानेवारी २०२५

प्रति,
मा. समन्वयक,
किनारी परिसंस्था परिषद, आयोजन समिती, ठाणे

विषय : पान १४ वरील माझ्या परिचयातील दुरुस्त्या

स.न.वि.वि.

कार्यक्रमपत्रिका काल मिळाली. छपाई सुबक आहे आणि सत्रांची आखणी विचारपूर्वक केलेली दिसते. खाडीवरचं एक सत्र थेट मासेमारांशी संवादाचं ठेवलंत, याचा विशेष आनंद झाला. इतक्या लोकांची माहिती गोळा करून वेळेत छापून घेणं किती जिकिरीचं असतं हे मी जाणते. तरीही पान १४ वरच्या माझ्या परिचयात काही चुका राहिल्या आहेत. त्यांतल्या दोन तशाच राहू देणं मला योग्य वाटत नाही, म्हणून हे पत्र.

पहिली चूक सर्वांत महत्त्वाची. ‘ठाणे खाडीला २०१५ मध्ये रामसर दर्जा मिळवून देण्यात मोलाचा वाटा’ असं छापलं आहे. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. रामसर यादीत खाडीचं नाव आलं ते २०२२ मध्ये. या दोन्ही निर्णयांच्या प्रक्रियेत माझा सहभाग नव्हता. अशा कामामागे वन विभागाची आणि खाडीकाठच्या अनेक अभ्यासकांची वर्षानुवर्षांची मेहनत असते. त्यांतली काही मंडळी परिषदेला समोरच बसलेली असतील. त्यांच्या कामाचं श्रेय माझ्या नावावर वाचलं जाणं मला फार अवघड वाटेल.

दुसरी चूक त्याच जातीची आहे. मला ‘फ्लेमिंगोंच्या ठाणे खाडीतील प्रजननाच्या अभ्यासक’ म्हटलं आहे. फ्लेमिंगो इथे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खाद्यासाठी येतात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. परिषदेच्या पुस्तिकेत छापलेलं वाक्य विद्यार्थी निःशंकपणे उतरवून घेतात आणि मग ते प्रकल्प-वह्यांतून फिरत राहतं, म्हणून हे जरा ठासून लिहिते आहे. शिवाय मी पक्ष्यांवर काम केलेलं नाही. खाडीतल्या पक्ष्यांवरचं काम माझ्या प्राणिशास्त्रातल्या सहकारी प्राध्यापिकांचं आहे. त्या आपल्या दुसऱ्या सत्रात बोलणार आहेत आणि त्यांचा परिचय पान २२ वर आहे. ते वाक्य योग्य रूपात तिथे गेलं तर त्यांच्या कामाला न्याय मिळेल.

मी वनस्पतिशास्त्राची. माझा पीएच.डी.चा विषय तिवराच्या पानांतल्या क्षारग्रंथी हा होता. खाऱ्या पाण्यात उभं राहणारं हे झाड जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. कोरड्या दिवसांत त्याचे बारीक कण पानांवर नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. पत्रिकेत त्याऐवजी ‘खारजमिनीतील भातशेती’ छापलं आहे. विषय महत्त्वाचा खरा, पण माझा नव्हे.

राहिलेल्या गोष्टी किरकोळ. ‘निवृत्त’ हा शब्द काढावा, मी अजून शिकवते आहे. ‘ते प्राध्यापक आहेत’ याऐवजी ‘त्या प्राध्यापक आहेत’ असं हवं.

एक भर मात्र आवर्जून घालावी, ही विनंती. कांदळवनाची पाहणी मी ‘एकटीने’ केली असं छापलं आहे. दिवाळे आणि करावे गावांतल्या कोळी बांधवांनी होडीतून नेलं नसतं, भरती-ओहोटीच्या वेळा सांगितल्या नसत्या आणि चिखलात कुठे पाय टाकायचा नाही हे दाखवलं नसतं, तर ती पाहणी झालीच नसती. त्यांचा उल्लेख परिचयात हवाच.

सोयीसाठी सुधारित मजकूर देते :

‘डॉ. मृणाल केणी नवी मुंबईत वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक आहेत. तिवराच्या पानांतील क्षारग्रंथी हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. ठाणे खाडीच्या पूर्व काठावरील कांदळवनाची पाहणी त्यांनी दिवाळे व करावे येथील मासेमारांच्या साहाय्याने केली.’

पुस्तिका पुन्हा छापावी अशी माझी मुळीच अपेक्षा नाही. तेवढा कागद आणि खर्च कशाला? नोंदणीच्या टेबलावर पुस्तिकेत एक छोटं शुद्धिपत्रक घालता आलं तर पुरे. सत्राध्यक्षांना मात्र वरचा मजकूर आधी द्यावा, कारण ओळख करून देताना ते पत्रिकेतूनच वाचतील. परिषदेनंतर निघणाऱ्या निबंधसंग्रहात आणि संकेतस्थळावरच्या प्रतीत हाच मजकूर जावा. शुद्धिपत्रकाचा कच्चा मसुदा पाठवलात तर त्याच दिवशी तपासून देईन.

माझं व्याख्यान ठरल्याप्रमाणे तयार आहे. पानांचे काही ताजे नमुने सोबत आणते आहे, त्यासाठी मंचाजवळ एक लहान टेबल मिळावं.

आपली स्नेहांकित,
मृणाल केणी